कात्री फिरल्यानंतर

मला राग आला की माझे कान तापतात. त्या दुपारी नवीन जालन्यातल्या छापखान्यात ते इतके तापले, की मालकांनी मला न विचारताच पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं. कारण सांगितलं तर हसाल. कारण होतं एक शेळी.

मी भोकरदनच्या शाळेत मराठी शिकवायचे. नोकरी संपली तशी जालन्याला राहायला आले आणि स्टेशनकडच्या या छापखान्याची प्रुफं वाचायला लागले. जास्त करून बियाणं कंपन्यांच्या माहितीपुस्तिका असतात. ‘पेरणीपूर्वी’च्या जागी ‘पेरणीनंतर’ छापलं गेलं तर शेतकऱ्याचा हंगाम जातो, म्हणून त्या मी डोळ्यांत तेल घालून वाचते. वर्षातून एखादं खरं पुस्तकही येतं. तेव्हा मला सणासारखं वाटतं.

त्या वर्षीचं खरं पुस्तक एका नर्सबाईंचं होतं. टेंभुर्णीच्या पुढच्या एका खेड्यात आरोग्य उपकेंद्रावर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या, त्याही अशा, की मी प्रूफ वाचता वाचता स्वयंपाक करपवला होता. पहिलं प्रूफ मी तपासून दिलं, माझ्या लेखी काम संपलं. पुढे पुस्तक फार जाड होतंय म्हणून ते एका प्राध्यापकांकडे संपादनाला गेलं. छपाईचा कागद सोळा सोळा पानांच्या घडीत दुमडतो, म्हणून पुस्तकही त्या हिशेबातच कमी-जास्त करावं लागतं. प्राध्यापकांनी कात्री चालवली. चालवली म्हणजे काय, पुस्तकाचा जवळजवळ तिसरा भाग उडवला. एक अख्खं प्रकरण गेलं, बाकीच्यांतून परिच्छेदच्या परिच्छेद गेले.

हे मला कोणी सांगितलं नाही. मी एका पुस्तिकेचं प्रूफ परत द्यायला गेले, तर टेबलावर त्या आठवणींचा नवा, बारीक झालेला गठ्ठा दिसला. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘फायनल’.

“हे मी कधी वाचलं?” मी मालकांना विचारलं.

“तुम्ही वाचलंय ना ताई, मागच्या महिन्यात. बिलकुल साफ हाय.”

“ते कापायच्या आधी वाचलं होतं. कापल्यानंतर?”

मालक हसले. माणूस वाईट नाही. मशीनची नाडी कळते, शाईचा वास घेऊन सांगतील कुठल्या डब्यातली आहे. पण छापलेलं पान त्यांनी आयुष्यात वाचलेलं नाही, आणि ते लपवतही नाहीत. म्हणाले, “ताई, तुम्ही तपासलेलंच कमी केलंय. एक अक्षर नवीन घातलं न्हाई. मंग नवीन चूक येईल कुठून?”

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खोटी समजूत आहे. घातलं नाही म्हणजे बिघडलं नाही! भिंतीतून चार विटा काढा आणि म्हणा, नवीन वीट कुठं लावली? तरी सगळ्या छापखान्यांत हाच रिवाज. कात्री लागण्याआधी प्रूफ वाचायचं, कात्री लागल्यावर नाही.

मी उभ्यानंच एक पान उघडलं. पहिलंच वाक्य होतं : ‘आणि संध्याकाळी शेळी परत आली.’

कुठली शेळी? ती गेली कधी होती? मी मागचं पान पाहिलं, त्याच्या मागचं पाहिलं. शेळीचा कुठं पत्ताच नाही. ज्या परिच्छेदात ती हरवली, तो परिच्छेदच कापला गेला होता, आणि परत आलेली शेळी बिचारी तशीच पानावर उभी होती. पुढच्या पानावर ‘दुसरं कारण असं की’, पण पहिलं कारण नाही. त्याच्या पुढे ‘हा सल्ला मी जन्मभर पाळला’. सल्ला कुणी दिला, काय दिला, देव जाणे. एका प्रकरणात नर्सबाईंच्या जाऊबाई वारतात आणि पुढच्या पानावर चहा घेऊन येतात, कारण ‘त्याच्या आधीची गोष्ट’ असं सांगणारं वाक्य बाद झालेलं. माझे कान तापले ते इथं.

“मी हे घरी नेते,” मी म्हणाले.

“अवो ताई, दोन दिवसांत छपाईच्या प्लेटी करायला संभाजीनगरला पाठवायचंय. बाईंच्या गावात प्रकाशनाचा कार्यक्रम ठरलाय, पावणे बोलावलेत.”

“मग दोन दिवस मला द्या.”

कापलेलं पुस्तक वाचायची माझी एक पद्धत आहे. मूळ प्रत आधी उघडायचीच नाही. पहिल्यांदा अनोळखी माणसासारखं वाचायचं, आपल्याला काही माहीत नाही असं धरून. ‘तो’, ‘ती’, ‘त्या’ आले, की बोट ठेवून मागे जायचं आणि विचारायचं, कोण? ‘वर सांगितल्याप्रमाणे’ आलं, की वर जाऊन बघायचं, सांगितलंय का. ‘मात्र’, ‘म्हणूनच’, ‘तरीही’ हे शब्द कशाला तरी टेकून उभे असतात, ते कशाला टेकलेत ते बघायचं. खुणा करायच्या. मग मूळ प्रत काढून प्रत्येक खुणेशी ताडायचं, की नेमकं काय गेल्यानं हे उघडं पडलं. ही दुसरी पायरी सोपी असते. अवघड असते ती पहिली, कारण आपण एकदा वाचलेलं असतं आणि मन गुपचूप गाळलेलं भरून काढत जातं. लेखकाला आणि संपादकाला तर ते भोक दिसणं जवळजवळ अशक्यच. त्यांच्या डोक्यात सगळं शाबूत असतं.

शेळी, जाऊबाई, सल्ला या सगळ्याचं मला हसूच येत होतं. दातओठ खात होते, पण हसत होते. नवव्या प्रकरणाला पोचले आणि हसू गेलं.

त्या प्रकरणात नर्सबाईंचं स्वतःचं बाळंतपण आहे. उन्हाळ्याची भर दुपार, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या, नवरा परगावी. छापायला निघालेल्या पानावर असं होतं : ‘तालुक्याला डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला. त्यांनी आधी कोपरापर्यंत हात धुतले. बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. त्यांनी बोटानं तो अलगद सैल केला आणि डोक्यावरून काढला. मी नर्स असून मला ते जमलं असतं की नाही, सांगता येत नाही. त्या आल्या नसत्या तर आज माझी लेक नसती.’

वाचायला किती गुळगुळीत! शेळीसारखं काही खटकत नाही. निरोप पाठवला, डॉक्टरीणबाई आल्या, लेक वाचली. पण मी मूळ वाचलं होतं. मूळ प्रतीत निरोप आणि हात धुणं यांच्यामध्ये एक परिच्छेद आहे. डॉक्टरीणबाईंचं उत्तर येतं की आज येणं व्हायचं नाही, जालन्याला घेऊन जा. जाणार कशात, दुपारची एसटी निघून गेलेली. आणि मग कापूस निघालेल्या रानातून, डोक्यावरचा सरपणाचा भारा बांधावर टाकून, धावत येते ती गावातली दाई. मावशी. गावाच्या त्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागे राहणारी. हात धुतले तिनं. वेढा काढला तिनं. पाचवं अख्खं प्रकरण तिच्यावर होतं, आणि तेच समूळ उडवलेलं. म्हणजे आता पुस्तकभर मावशी कुठंच नव्हती, आणि तिनं केलेलं सगळं जिनं यायला नकार दिला तिच्या नावावर जमा.

आणखी एक गोष्ट मला सहन होईना. अख्खं गाव त्या दाईला ‘ए’ म्हणतं. म्हातारी झाली तरी ‘ए’. नर्सबाईंनी मात्र लिहिताना ठरवून ‘त्या’ लिहिलं होतं, ‘त्यांनी’ लिहिलं होतं. मोठ्या मानानं. आणि तोच मान आता डॉक्टरीणबाईंना चपखल बसला होता. ‘तिनं’ असतं, तर निदान कुणी तरी थबकलं असतं.

मी नर्सबाईंना फोन लावला. त्यांना नवी प्रत फोनवर पाठवली होती, त्यांनी वाचलीही होती.

“छान झालंय की,” त्या म्हणाल्या. “सुटसुटीत.”

“नवव्या प्रकरणात हात कुणी धुतले?”

“मावशीनं. अजून कोण धुणार?”

“हे कुठं लिहिलंय, बघून सांगा.”

त्या शोधत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “मी उद्या पहिल्या गाडीनं येऊन राह्यले.” आणि थोड्या वेळानं, “ताई, मावशी पहिल्या रांगेत बसणार हाय हो कार्यक्रमाला. मी तिला सांगितलंय, तुझ्यावर पुस्तक लिव्हलंय म्हणून.”

दुसऱ्या दिवशी छापखान्यात आम्ही चौघं होतो. मी, मालक, नर्सबाई आणि निरोप मिळताच आलेले प्राध्यापक. प्राध्यापक सभ्य माणूस, हेही सांगायला हवं, नाहीतर माझा राग वाजवीपेक्षा जास्त वाटेल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “संदर्भावरून वाचकाला कळेलच ना.”

“संदर्भ तुम्ही कापलाय,” मी म्हणाले.

“पूर्ण नाही. दाईचा उल्लेख इतरत्र आहे.”

“कुठं?”

त्यांनी गठ्ठा ओढला. पान उलटलं, आणखी पानं उलटली. चष्मा पुसला, पुन्हा उलटली. त्यांची बोटं जिथं थांबत होती तिथं काहीच नव्हतं. त्यांना मावशी दिसत होती, कारण त्यांनी मूळ प्रत वाचली होती. खोटं बोलत नव्हते ते. पण म्हणून माझा राग काही कमी झाला नाही, उलट वाढला. एका माणसाला पुस्तकातून बाहेर काढायचं आणि आपण काढलंय हे आपल्यालाच कळू नये, म्हणजे काय म्हणायचं याला?

मग मी बाळंतपणाचं ते पान मालकांसमोर ठेवलं. मी म्हणाले, “भाऊ, तुम्ही हे पुस्तक वाचलेलं नाही ना?”

“एक अक्षर न्हाई,” ते अभिमानानं म्हणाले.

“मग मोठ्यानं वाचा.”

त्यांनी वाचलं. अडखळत, पण पूर्ण. मी विचारलं, “लेकरू कुणी वाचवलं?”

“डॉक्टरीणबाईनं. हे काय लिव्हलंय की बराबर.” मग कौतुकानं मान हलवून म्हणाले, “भली बाई दिसती. उन्हातान्हात खेड्यात आल्ती बिचारी.”

नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मालक गोंधळून आमच्या सगळ्यांकडे बघत राहिले. आपण काय चुकलो हे त्यांना कळेना, आणि चुकले नव्हतेच ते. कागदावर जे होतं तेच त्यांनी वाचलं होतं.

“आल्या नव्हत्या हो त्या,” नर्सबाई म्हणाल्या. “निरोप आल्ता, जमत न्हाई म्हणून. मावशी आल्ती.”

प्राध्यापक आता खरंच खजील झाले. पण लगेच अडचणही त्यांनीच सांगितली. पानांचा हिशेब बसलाय, आता काही आत घालायचं तर घडी बिघडते. मालकांनीही मान डोलावली. नवव्यातला एक परिच्छेद कसाबसा मावेल, पण पाचव्यातलं काही परत घ्यायचं तर जागा कुठंय?

आणि इथं मी ते पान काढलं, जे मी सकाळपासून पर्समध्ये ठेवलं होतं. प्राध्यापकांची प्रस्तावना. मथळा ‘दोन शब्द’, लांबी ऐसपैस. पुस्तकाचा तिसरा भाग गेला, पण या दोन शब्दांतला एक शब्दही हललेला नव्हता. ती त्यांनी कापण्याआधी लिहिली होती, आणि कापल्यानंतर तीही कुणी वाचली नव्हती. मी त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं : ‘पाचव्या प्रकरणातील दाईचे चित्रण हा या पुस्तकाचा आत्मा आहे.’

मालकांनी वळून प्राध्यापकांकडे पाहिलं. बाहेर एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

आत्मा! आत्मा म्हणून गौरवायचं आणि मग पानांत बसत नाही म्हणून काढून टाकायचं. वाचक पाचवं प्रकरण उघडणार, तर तिथं पोलिओच्या डोसांची गोष्ट. मला टेबलावर हात आपटावासा वाटला, आणि आपटलाही. चहाचा एक कप सांडला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

नर्सबाई मात्र शांत झाल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले, प्राध्यापकांकडे वळल्या आणि उपकेंद्रावर पेशंटशी बोलावं तशा मऊ, पण मागे न हटणाऱ्या आवाजात म्हणाल्या, “सर, तुमचे दोन शब्द खरंच दोन ठेवा. बाकीची पानं मावशीला द्या.”

प्राध्यापकांनी पेन काढलं. हे त्यांच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे, की त्यांनी स्वतःच्या प्रस्तावनेवर तीच कात्री तितक्याच सफाईनं चालवली. उरली ती प्रस्तावना पहिल्यापेक्षा चांगली होती, हेही लिहिते.

आम्ही पाचव्या प्रकरणातली मोकळ्या झालेल्या पानांत बसतील तेवढी पानं परत घेतली. निरोपाचं उत्तर आणि मावशीचं रानातून येणं नवव्यात पुन्हा बसवलं. आणि मी पुस्तक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, कारण परत घातलं तरी मोडतोड होतेच. प्रकरणांचे आकडे पुन्हा सरकले होते, अनुक्रमणिका खोटी पडली होती. ‘मागच्या प्रकरणात म्हटल्याप्रमाणे’ आता भलत्याच प्रकरणाकडे बोट दाखवत होतं. शेळीला एका ओळीत हरवून घेतलं. जाऊबाईंच्या चहाला ‘त्याच्या दोन वर्षं आधी’ एवढं जोडलं. मालक दर तासाला फोन करून विचारत, “ताई, जल्दी होईल ना?” आणि मी दर वेळी म्हणत होते, “नाही.”

कार्यक्रम गावातल्या शाळेच्या पटांगणात झाला. मीही गेले होते, मागे बसले होते. मावशी पहिल्या रांगेत, खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली. बारीक, सुरकुतलेली, नजर अधू. तिच्या हातांवर जन्मलेली निम्मी माणसं त्या मांडवात असतील. येणारा जाणारा म्हणत होता, “ए मावशे, सरक थोडी.” ती सरकत होती.

नर्सबाई वाचायला उभ्या राहिल्या. त्यांनी बाळंतपणाच्या प्रकरणातलं वाचलं. माझी नजर मावशीवर होती. आता सगळं जागेवर होतं, मी ओळ न् ओळ तपासली होती. नकार आला, एसटी गेली, ‘मावशी रानातून धावत आल्या’ आलं. टाळ्या वाजल्या. ‘त्यांनी आधी कोपरापर्यंत हात धुतले’ आलं. नर्सबाई शेवटच्या ओळीला आल्या. ‘त्या आल्या नसत्या तर आज माझी लेक नसती.’

मावशीनं शेजारच्या बाईला विचारलं. तिला हळू बोलता येत नाही, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

“कोन आल्या नसत्या? डॉक्टरीनबाई का?”

लोक हसले. माझे कान तापले. ह्या वेळी कुणावर चिडावं तेच कळेना. कागदावर एकही भोक नव्हतं. ‘मावशी’ हा शब्द चार ओळी वर ठसठशीत होता. पण आपल्याला कुणी ‘त्या’ म्हणेल, हेच तिला माहीत नव्हतं. उभ्या जन्मात कुणी म्हटलंच नव्हतं, मग ‘त्या’ आल्या म्हणजे डॉक्टरीणबाईच आल्या असणार, आणखी कोण येणार?

नर्सबाईंनी पुस्तक मिटलं. माईक तिथंच ठेवून खाली आल्या, मावशीच्या खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या आणि पुस्तकात नसलेलं वाक्य म्हणाल्या.

“तू, मावशे. तू आली नसतीस तर माझी लेक नसती.”

मावशीनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

“मंग तसं लिव्हायचं व्हतं की,” ती म्हणाली.